वजन बरोबर, बरणी अर्धी रिकामी

धान्य मापाने विकलं जायचं त्या काळात पायली, अधोली, शेर, चिपटं ही सगळी मापं जागा मोजणारी होती, वजन नव्हे. त्यामुळे माप कसं भरलं यावर खूप काही अवलंबून असायचं. ज्वारी मापात अलगद सोडली तर ती फुगून बसायची आणि माप लवकर भरायचं. तेच माप दोनदा हलवलं, जमिनीवर आपटलं की दाणे खाली जायचे आणि वर आणखी ओंजळभर ज्वारी मावायची. घेणारा म्हणायचा, हलवून भर. देणारा शीग धरून द्यायचा, पण हलवायचा नाही. माप तेच, ज्वारीही तीच, फरक दाण्यांमधल्या हवेचा.

पुढे वजनाने विक्री सुरू झाली आणि हा वाद मिटला. निदान दाण्यांपुरता मिटला. पण आता घरगुती मसाले, पिठं, सत्त्वं बरणीत भरून विकणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात तो वेगळ्या वेषात उभा राहतो. वजन काट्यावर चोख मोजलेलं असतं, बरणी मात्र जागेच्या हिशोबाने विकत घेतलेली असते. भरताना ती गळ्यापर्यंत भरते, झाकण लावायला जागा उरत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी गिऱ्हाईक घरी झाकण उघडतं तेव्हा वरचा तिसरा हिस्सा रिकामा दिसतो. त्याला वाटतं, आपल्याला फसवलं. काट्यावर ठेवलं तर वजन बरोबर भरतं, पण घरी काटा कितीजणांकडे असतो?

हे टाळायचं असेल तर बरणी घेण्याआधी आपल्या पुडीबद्दल दोन आकडे माहीत असावे लागतात. एक, ती सैल ओतली असता एका मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम मावते. दोन, तीच पुडी ठोकून-ठोकून पुरती बसवली असता किती ग्रॅम मावते. कारखान्यांत याला लूज आणि टॅप्ड बल्क डेन्सिटी म्हणतात. इथे आपण सैल घनता आणि बसलेली घनता म्हणू. मोजणी सोपी आहे, स्वयंपाकघरात होण्यासारखी आहे. आपण मेतकुटाचंच उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नातल्या बहुतेक अडचणी मेतकुटात एकत्र सापडतात.

मेतकूट म्हणजे भाजलेली हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, गहू, धणे, जिरे, मेथी, हळद, हिंग वगैरे जिन्नस बारीक दळून केलेली पूड. डाळी-तांदळाच्या पिठाचा एकेक कण पाण्यापेक्षा बराच जड असतो. निव्वळ कणांचंच माप काढता आलं तर एक मिलिलिटर जागेत साधारण १.४५ ग्रॅम ऐवज भरेल. म्हणजे पाव किलो मेतकुटातल्या कणांना खरं तर फक्त १७०-१७५ मिलिलिटर जागा पुरायला हवी. प्रत्यक्षात तेच पाव किलो सैल ओतलं की ५०० मिलिलिटरच्या पुढे जातं. उरलेली सगळी जागा हवेने व्यापलेली असते. आपण पुडीची बरणी म्हणतो तेव्हा भरतेवेळी तिच्यात दोन तृतीयांश हवाच असते, हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा हिशोब सरळ होतो. बरणीचं माप ठरवायचं म्हणजे या हवेतली किती भरण्याआधी बाहेर काढायची आणि किती बरणीत राहू द्यायची, हे ठरवायचं.

ही हवा आत अडकते कशी? साखरेचा किंवा मिठाचा दाणा मोठा आणि जड असतो, त्यामुळे ओतल्याबरोबर स्वतःच्या वजनानेच घरंगळून खालच्या खळग्यात जाऊन बसतो. बारीक दळलेल्या पिठाचा कण मात्र इतका हलका असतो की शेजारच्या कणाशी असलेली चिकट ओढ त्याच्या वजनावर मात करते. तो जिथे टेकतो तिथेच चिकटून राहतो. अशा कणांच्या वेड्यावाकड्या साखळ्या आणि कमानी तयार होतात आणि त्यांच्या खाली पोकळ्या राहतात. कणांचे आकारही गोल नसतात. मसाल्यांच्या सालींचे चपटे तुकडे, धण्याच्या काड्या, पिठाचे टोकदार कण एकमेकांत अडकतात. ठोका बसला की कमानी मोडतात, कण खाली घसरतात, हवा वर निघून जाते. ट्रकच्या, एसटीच्या, रेल्वेच्या हादऱ्यांनी नेमकं हेच होतं, फक्त सावकाश आणि आपल्या नजरेआड.

आता मोजणीकडे वळू. औषधांच्या कारखान्यांत ही चाचणी रोजची असते आणि अमेरिकन फार्माकोपियाने तिची रीत नेमून दिली आहे. १ मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून पूड काढून घ्यायची, म्हणजे साठवणीत झालेले गोळे फुटतात. मग २५० मिलिलिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये १०० ग्रॅम पूड न दाबता ओतायची, वरचा पृष्ठभाग हलकेच सपाट करायचा आणि आकडा वाचायचा. हे झालं सैल आयतन. त्यानंतर सिलिंडर यंत्रावर चढवून ठराविक उंचीवरून पुन्हा-पुन्हा आपटू द्यायचा. एका रीतीत ही उंची १४ मिलिमीटर आणि वेग मिनिटाला ३०० ठोक्यांचा असतो. १० ठोक्यांनंतर, ५०० नंतर आणि १२५० नंतर आकडा वाचतात. शेवटच्या दोन वाचनांत २ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसेल तर पूड बसली असं समजतात. फरक जास्त असेल तर आणखी १२५० ठोके.

घरगुती उद्योगाला हे यंत्र लागत नाही. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा २५० मिलिलिटरचा मेजरिंग सिलिंडर शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. तोही नसेल तर वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा कोणताही उंच पारदर्शक पेला चालतो. त्याला कागदाची पट्टी चिकटवायची आणि काट्यावर ५०-५० ग्रॅम पाणी ओतून पट्टीवर खुणा करायच्या. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, एवढा धागा धरला की कोणत्याही भांड्याचं माप काढता येतं. ठोकण्यासाठी टेबलावर दुहेरी घडीचं फडकं पसरायचं आणि सिलिंडर बोटभर उचलून सोडायचा. काचेचा असेल तर जाड फडकं घ्यायला विसरू नये. बाजूने टिचक्या मारणं किंवा वरून दांड्याने दाबणं टाळावं. दाबलेली पूड आणि ठोक्यांनी बसलेली पूड सारखी नसते, आणि प्रवासात बरणीला हादरेच बसतात, दाब नव्हे.

एका गोष्टीत घाई करू नये. गिरणीतून नुकती आलेली पूड गरम असते आणि तिच्यात हवा खेळलेली असते. ती लगेच मोजली तर ती पूड प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा फुगीर भासते. लगेच भरली तर आणखी वाईट. गरम पुडीतून निघालेली वाफ झाकणाखाली गार होते, ओल धरते आणि वरच्या थराचे खडे होतात. पूड पसरून पुरती गार होऊ द्यावी, मग डब्यात रात्रभर झाकून ठेवावी. तेवढ्यानेही ती बरीच खाली बसते, आणि हातांनी द्यायचे ठोके तेवढे वाचतात.

आता आकडे घेऊ. हे एका मेतकुटाचे नमुन्यादाखल धरलेले आकडे आहेत, प्रत्येकाचं दळण वेगळं असल्यामुळे तुमचे थोडे निराळे येतील. १०० ग्रॅम मेतकूट सिलिंडरमध्ये सैल ओतलं, ते २०८ मिलिलिटर भरलं. दहा ठोक्यांनंतर १९०, पन्नास ठोक्यांनंतर १६८, शंभर ठोक्यांनंतर १६०, पाचशे ठोक्यांनंतर १५०, आणि तिथून पुढे कितीही ठोकलं तरी १४९ च्या खाली गेलं नाही. पहिल्या पन्नास ठोक्यांत ४० मिलिलिटर हवा निघून गेली, पुढच्या साडेचारशे ठोक्यांत जेमतेम १८. ठोक्यांचा हा उतार लिहून ठेवावा. बरणी निवडताना पहिल्या आणि शेवटच्या आकड्याइतकाच मधलाही उपयोगी पडतो, तो कसा ते थोड्या वेळात दिसेल.

सैल घनता म्हणजे १०० भागिले २०८, म्हणजे ०.४८. बसलेली घनता १०० भागिले १४९, म्हणजे ०.६७. पाव किलोला लागणारी जागा काढायची तर २५० ला या आकड्यांनी भागायचं. सैल असताना सुमारे ५२० मिलिलिटर, पुरतं बसल्यावर सुमारे ३७३ मिलिलिटर. दोन्हींमध्ये जवळजवळ दीडशे मिलिलिटरचं अंतर आहे. गिऱ्हाइकाची नाराजी आणि भरणाऱ्याची पंचाईत, दोन्ही या दीडशे मिलिलिटरमध्ये जन्माला येतात.

बसलेल्या घनतेला सैल घनतेने भागलं की जो आकडा येतो त्याला हाउस्नर गुणोत्तर म्हणतात. हेन्री हाउस्नर हे धातूंच्या भुकटीवर काम करणारे संशोधक, त्यांनी १९६७ मध्ये ते मांडलं. त्याच्या दोनच वर्षं आधी राल्फ कार यांनी याच दोन घनतांवरून पूड किती टक्के दबते याचा निर्देशांक सुचवला होता. आपल्या मेतकुटाचं हाउस्नर गुणोत्तर १.४० येतं. दाणेदार साखरेचं ते १.१ च्या आसपास असतं. म्हणून साखरेची बरणी निवडायला विशेष हिशोब लागत नाही. भरताना जिथवर भरली, त्याच्या थोडीच खाली ती गिऱ्हाइकाला दिसते. गुणोत्तर १.२५ च्या पुढे गेलं की पूड चिकट वागायला लागते, आणि १.३५ च्या पुढे ती नरसाळ्यातच कमान धरून बसते, काडीने ढोसल्याशिवाय खाली उतरत नाही. मेतकूट भरणाऱ्या बायकांना हा अनुभव रोजचा असतो. त्यांनी रुंद नळीचं नरसाळं घ्यावं, एवढं तरी हे गुणोत्तर लगेच सांगून टाकतं.

पुडीची बाजू झाली, आता बरणीची. बरणीवर किंवा दुकानदाराच्या यादीत लिहिलेला आकडा हा व्यवहारातलं नाव असतो, मोजलेली क्षमता नव्हे. ‘५०० मिलि’ म्हणून विकली जाणारी बरणी काठोकाठ भरली तर त्याहून जास्त पाणी घेते, कारण गळ्यापाशी थोडी जागा मोकळी सोडलेली असते. काही बरण्या तर ग्रॅममध्ये विकल्या जातात, आणि तिथे फसगत हमखास होते. ‘५०० ग्रॅमची’ काचेची बरणी बहुधा मधाच्या हिशोबाने पाचशे ग्रॅमची असते. मध पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड, म्हणजे पाचशे ग्रॅम मधाला साधारण ३५५ मिलिलिटर जागा पुरते. त्या बरणीत पाचशे ग्रॅम मेतकूट कितीही ठोकलं तरी मावणार नाही. पाव किलोसुद्धा कसंबसं, खरं तर नाहीच.

म्हणून नमुन्याची बरणी आणावी, काट्यावर शून्य करावी आणि काठोकाठ पाणी भरून वजन घ्यावं. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. ही झाली काठोकाठ क्षमता. पण पूड काठापर्यंत भरता येत नाही. आतून सील लावायचं असेल तर काठावर पुडीचा कणही चालत नाही, नाहीतर सील नीट चिकटत नाही आणि बरणी बाहेरून ठीक दिसत असली तरी हवा घेत राहते. म्हणून गळ्याच्या खाली जिथे बरणीचं अंग सुरू होतं तिथवर पाणी भरून दुसरं वजन घ्यावं. ही झाली कामाची क्षमता.

आपल्यापुढे तीन बरण्या आहेत असं धरू. ‘५०० मिलि’ची काठोकाठ ५३० आणि कामाची ५००. ‘४०० मिलि’ची काठोकाठ ४२५, कामाची ४०५. आणि ‘३५० मिलि’ची काठोकाठ ३७५, कामाची ३५५.

सगळ्यांत लहान बरणी लगेच बाद होते. पुरतं बसलेलं पाव किलो मेतकूटही ३७३ मिलिलिटर जागा मागतं आणि इथे कामाची जागा ३५५ आहे. बसलेली घनता म्हणजे भिंत, तिच्या पलीकडे हातांच्या ठोक्यांनी जाता येत नाही. सैल घनतेचं तसं नाही. सैल ओतून मावत नसलं तरी ठोकून मावू शकतं. बरणी निवडताना नवशिके हमखास सैल आयतन धरून चालतात, कारण भरताना डोळ्यांपुढे तेच असतं. सुरुवात बसलेल्या आयतनापासून करावी, कारण गिऱ्हाइकाच्या हातात पोचते ती बसलेली पूड.

‘५०० मिलि’ची बरणी भरायला सोपी. कामाच्या ५०० मिलिलिटरमध्ये २५० ग्रॅम बसवायचे म्हणजे भरतेवेळी घनता ०.५० हवी. १०० ग्रॅमचा हिशोब मांडला तर २०० मिलिलिटर. आपल्या ठोक्यांच्या उतारावर ही जागा पहिल्या दहा ठोक्यांच्या आतच येते. बरणी टेबलावर चार-पाचदा आपटली की झालं. पण प्रवास संपल्यावर ५३० मिलिलिटरच्या बरणीत ३७३ मिलिलिटर पूड उरते, म्हणजे सुमारे ७० टक्के. तीस टक्के बरणी रिकामी. आतल्या चौकटीत जुळणाऱ्या रंगाचं मोठं लेबल लावून ही रिकामी जागा झाकण्याची युक्ती अनेकजण सुचवतात. मला ती अजिबात पटत नाही. लेबलवर वजन खरं लिहिलं असलं तरी मोठ्या आकाराने गिऱ्हाइकाच्या मनात जे माप भरवलं ते खोटं असतं, आणि झाकण उघडताच ते उघडं पडतं.

‘४०० मिलि’ची बरणी दिसायला छान. शेवटी ४२५ पैकी ३७३ मिलिलिटर भरलेलं, म्हणजे ८८ टक्के. वर १२ टक्के मोकळं, चमचा घालून ढवळायला पुरेसं. मात्र भरताना कामाच्या ४०५ मिलिलिटरमध्ये २५० ग्रॅम बसवायचे तर घनता ०.६२ च्या जवळ न्यावी लागते, म्हणजे १०० ग्रॅमला १६२ मिलिलिटर. उतारावर पाहिलं तर पन्नास ठोक्यांना १६८ आणि शंभरांना १६०. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी ठोके प्रत्येक बरणीला. दोनशे बरण्यांना सतरा हजार ठोके होतात. हे हातांनी रोज करायला लावणं बरोबर नाही, खांदे आणि मनगटं धरतात. बरणी थरथरत ठेवणारं छोटं व्हायब्रेटर टेबल असेल तर हेच काम काही सेकंदांत होतं. ते नसेल तर निदान दोन-तीन टप्प्यांत भरावं: दोन तृतीयांश ओतून ठोकायचं, मग उरलेलं. पूर्ण ढीग एकदम ठोकण्यापेक्षा यात आतली हवा लवकर वाट काढते.

इथवरच्या हिशोबाने व्हायब्रेटर असेल तर ४०० आणि नसेल तर ५०० असं उत्तर येतं. पण अजून एक प्रश्न विचारायचा राहिला: हे आकडे कोणत्या घाण्याचे?

मेतकुटाचा प्रत्येक घाणा सारखा येत नाही. डाळ थोडी जास्त भाजली गेली तर ती ठिसूळ होते आणि दळण बारीक उतरतं. जितकं बारीक, तितकं फुगीर. पावसाळ्यात हवेतली ओल घेऊन कण आणखी चिकटतात. गिरणीवाल्याने जाळी बदलली तर सगळंच बदलतं. धरून चालू की एखाद्या फुगीर घाण्याची सैल घनता ०.४४ आणि बसलेली ०.६३ आली. आता पाव किलोला पुरतं बसल्यावरही ३९७ मिलिलिटर लागतात. ‘४०० मिलि’च्या बरणीत कामाची जागा ४०५. फक्त ८ मिलिलिटर शिल्लक, म्हणजे जवळजवळ शेवटच्या ठोक्यापर्यंत ठोकावं लागणार. त्या दिवशी भरणाऱ्या बायका पूड अंगठ्याने दाबून बसवतील, काठावर सांडेल, सील सुटेल, आणि कुणीतरी वैतागून पाच-सात ग्रॅम कमी भरेल. वजनाची चूक बहुतेक वेळा अशीच घडते, लबाडीने नव्हे तर जागा न पुरल्यामुळे. आणि ती कायद्यानेही चूक ठरू शकते, कारण लीगल मेट्रॉलॉजीच्या पॅकबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार लेबलवर निव्वळ वजन लिहावं लागतं.

म्हणून बरणी सरासरी घाण्यावर नव्हे तर सगळ्यांत फुगीर घाण्यावर निवडावी. त्या घाण्याच्या बसलेल्या आयतनापेक्षा कामाची क्षमता निदान पाच टक्क्यांनी जास्त असावी, असा माझा आग्रह राहील. हा पाच टक्क्यांचा आकडा कोणत्या पुस्तकातला नाही. हाताने भरण्याच्या वेगात जो थोडा ढिलेपणा लागतो त्याचा तो अंदाज आहे. यंत्राने भरणाऱ्याला कमी चालेल.

या कसोटीवर ४०० मिलिची बरणी पाव किलोसाठी नापास होते आणि ५०० मिलिची फार मोठी ठरते. मधल्या मापाची बरणी हव्या त्या आकारात मिळाली तर उत्तम. पण छोट्या उद्योगाला बरणीवाला जे साठ्यात ठेवतो तेच घ्यावं लागतं. अशा वेळी बहुतेकांच्या ध्यानात न येणारी वाट म्हणजे बरणी तीच ठेवून वजन बदलणं. ‘५०० मिलि’च्या बरणीत ३०० ग्रॅम भरून पाहू. पुरतं बसल्यावर नेहमीच्या घाण्याचे ४४८ मिलिलिटर होतात. ५३० पैकी ४४८, म्हणजे बरणी साडेचौऱ्याऐंशी टक्के भरलेली दिसेल. फुगीर घाण्याला ४७६ लागतील, कामाची जागा ५००, म्हणजे पाच टक्के सवड उरते. भरताना घनता ०.६० हवी, नेहमीच्या घाण्याच्या उतारावर ती पन्नास-पंचावन्न ठोक्यांना येते. रात्रभर डब्यात बसू दिलेलं मेतकूट दोन टप्प्यांत भरलं तर त्याहूनही कमी ठोके लागतात. किंमत थोडी वाढते हे खरं, आणि पाव किलोच्या भावाची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला ते समजावून सांगावं लागतं. तरीही हाताने भरणाऱ्या गटाला मी तीनशे ग्रॅमच सुचवेन.

लहान बरणीचा आणखी एक फायदा कमी बोलला जातो. पुडीचा वास आणि ताजेपणा आतल्या हवेमुळे जातो. ‘५०० मिलि’च्या बरणीत पाव किलो भरलं तर रिकामी जागा आणि कणांमधली जागा मिळून साधारण साडेतीनशे मिलिलिटर हवा आत राहते. ‘४०० मिलि’मध्ये तीच अडीचशे. त्यातली मोठी वाटणी दोन्हीकडे कणांच्या मधली आहे, ती काढता येत नाही. पण वरची रिकामी हवा आपल्या हातात असते. मेतकुटाला याने फार फरक पडत नाही, कारण त्यात तेल कमी. शेंगदाण्याच्या, तिळाच्या, जवसाच्या किंवा खोबऱ्याच्या चटणीला मात्र पडतो. तेल लवकर खवट होतं आणि बरणीतली प्रत्येक जादा हवा त्याला मदत करते.

याच तेलकट चटण्या आणि कांदा-लसूण मसाला इथे सांगितलेल्या रीतीच्या पलीकडे जातात. त्यांचे कण ठोक्याने खाली घसरत नाहीत, एकमेकांना धरून लोळा होतात. सिलिंडरमध्ये ठोकलं तर मध्येच पोकळी राहते आणि आकडा दर वेळी निराळा येतो. तीनदा मोजूनही आकडे पाच टक्क्यांहून जास्त फिरत असतील तर सिलिंडर बाजूला ठेवावा. अशा मसाल्यासाठी खरी बरणीच माप म्हणून घ्यावी, नेहमीच्या हाताने चमच्याने दाबत भरावी आणि किती ग्रॅम मावले ते काट्यावर पाहावं. तो मसाला प्रवासातही फारसा बसत नाही, त्यामुळे भरताना दिसतं तेच गिऱ्हाइकाला दिसतं.

कोरड्या पुडीसाठीसुद्धा सिलिंडर आणि बरणी यांत फरक आहेच. सिलिंडर अरुंद आणि उंच, बरणी रुंद आणि बसकी. अरुंद नळीच्या भिंती पुडीला धरून ठेवतात, बरणीच्या भिंती कमी. शिवाय बरणी हाताने आपटण्याचा एक ठोका सिलिंडरच्या एका ठोक्याइतका नसतो, बहुधा त्याहून जोरकस असतो. म्हणून ठोक्यांची संख्या सिलिंडरवरून जशीच्या तशी उचलू नये. पंचावन्न ठोके असं उत्तर आलं तर ते ‘बरंच ठोकावं लागेल, पण हातांनी जमेल’ एवढ्याच अर्थाने घ्यावं आणि खऱ्या बरणीत करून पाहावं. काही पुड्या सिलिंडरमध्ये दाखवतात तितक्या प्रवासात बसतही नाहीत. कापडी गुंडाळीत, मऊ खोक्यात गेलेल्या बरणीला हादरे कमी बसतात.

हे तपासायला एक स्वस्त उपाय आहे. भरलेल्या तीन-चार बरण्यांवर पुडीच्या वरच्या पातळीला बाहेरून चिकटपट्टीची खूण करायची आणि नेहमीच्याच वाटेने पार्सल पाठवायचं. पुण्याहून नागपूरला माल जात असेल तर नागपूरच्या ओळखीच्या घरी. तिथे पातळी किती खाली गेली याची दुसरी खूण करून फोटो मागवायचा. दोन खुणांमधलं अंतर सिलिंडरच्या हिशोबाशी ताडून पाहायचं. ते बरंच कमी आलं तर आपली वाट हळुवार आहे, बरणी थोडी मोठी घेतली तरी चालेल की नाही याचा पुन्हा विचार करता येतो. ते हिशोबाहून जास्त आलं तर आपण सिलिंडर पुरता ठोकला नव्हता, मोजणी पुन्हा करावी.

बरण्यांची मोठी ऑर्डर देण्याआधी वेगवेगळ्या दिवशी दळलेल्या घाण्यांचे आकडे वहीत उतरलेले असावेत, त्यात निदान एक पावसाळ्यातला असावा. प्रत्येक घाण्यापुढे भाजणी कशी होती, गिरणीची जाळी कोणती होती आणि दळल्यानंतर किती वेळाने मोजलं, हेही लिहावं. जाळी बदलली, डाळीचं प्रमाण बदललं, किंवा गिरणीच बदलली तर पहिल्याच घाण्याला सिलिंडर पुन्हा काढावा. १०० ग्रॅम पूड, एक चाळणी आणि अर्धा तास, एवढंच त्याला लागतं.